मान्सूनची ‘सर्वसाधारण’ तारीख

मृग नक्षत्र लागले की पाऊस यावा, ही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची अपेक्षा फार जुनी आहे. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो साधारण ७ किंवा ८ जूनला. गंगेच्या मैदानात मात्र, विशेषतः बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात, शेतकऱ्याचे डोळे आर्द्रा नक्षत्राकडे लागलेले असतात. आर्द्रा लागते २२ जूनच्या सुमारास, म्हणजे मृगानंतर दोन आठवड्यांनी. आकाश एकच, पंचांग एकच, पण पावसाचे नक्षत्र प्रदेशाप्रमाणे बदलते. हवामानशास्त्राची उपकरणे या देशात येण्यापूर्वीच मान्सूनच्या आगमनाचा एक ढोबळ नकाशा लोकांच्या स्मरणात तयार झालेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

आज आपण वर्तमानपत्रांत वाचतो, की केरळात मान्सूनची सर्वसाधारण तारीख १ जून, मुंबईत ११ जून, दिल्लीत २७ जून. पाठ्यपुस्तकांतही अशा तारखा असतात आणि विद्यार्थी त्या पाठ करतात. पण एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, ही तारीख कुणी आणि कशी ठरवली?” तर काय सांगायचे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला १९४३ सालच्या एका नकाशापाशी जावे लागते आणि तिथून २०२० सालापर्यंत यावे लागते.

वारा एका दिशेने, आगमन दुसऱ्या दिशेने

तारखा वेगवेगळ्या का, हे आधी पाहू. आपल्या मनात सहसा असे चित्र असते, की नैर्ऋत्येकडून बाष्पाने भरलेले वारे निघतात आणि जसजसे पुढे जातात तसतसा पाऊस पडत जातो. आगगाडी जशी एकेक स्टेशन घेत जाते, तसेच काहीसे. हे चित्र खरे असते तर काय झाले असते? अरबी समुद्रावरून निघालेले वारे दोन-तीन दिवसांत गुजरात ओलांडून राजस्थानात पोहोचले असते आणि जैसलमेरला केरळपाठोपाठ दोन-तीन दिवसांतच पाऊस सुरू झाला असता. प्रत्यक्षात पश्चिम राजस्थानचे टोक हे देशात सर्वांत शेवटी भिजते. नकाशावर आगमनाच्या समान तारखांची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा काढल्या, तर त्या आग्नेयेकडून वायव्येकडे सरकत जाताना दिसतात. वारा नैर्ऋत्येचा, पण मान्सूनची आगेकूच आग्नेयेकडून वायव्येकडे! हे कोडे सुटले की तारखांतला फरक आपोआप समजतो.

त्याचे उत्तर जमिनीवर नाही, वर हवेत आहे. मे-जून महिन्यांत वायव्य भारतावर जमिनीपासून साधारण दोन ते पाच किलोमीटर उंचीवर एक कोरडी, उष्ण हवा असते. ती पश्चिम आणि वायव्येकडच्या वाळवंटी प्रदेशांतून येते आणि द्वीपकल्पाकडे वाहत राहते. तिच्या खालून समुद्रावरची ओलसर हवा आत शिरत असते. पण ओलसर थर पातळ आहे आणि वर कोरड्या हवेचे झाकण आहे, अशी ही रचना असते. अशा ठिकाणी दुपारी ढग उगवतात, पण ते वर चढू लागले की आजूबाजूची कोरडी हवा त्यांच्यात मिसळते, ढगातले पाण्याचे थेंब वाफ होऊन जातात आणि ढग विरतो. मे महिन्याच्या अखेरीस दमट हवेने घामाघूम होऊनही पाऊस का पडत नाही, असे कोकणातला माणूस विचारतो. त्याचे हेच कारण आहे. बाष्प आहे, पण ते पुरेशा उंचीपर्यंत नाही.

आग्नेयेला, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात आणि केरळच्या टोकाशी, ओलसर थर आधीच जाड असतो; वायव्येकडे तो पाचरीसारखा निमुळता होत जातो. विरून जाणारा प्रत्येक ढग आपले बाष्प त्या कोरड्या थराला देऊन जातो. असे दिवसेंदिवस होत राहिले की झाकण खालून ओले होत जाते. त्याच सुमारास उत्तर भारतावरून वाहणारा उंचावरचा पश्चिमी वाऱ्याचा वेगवान झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि कोरड्या हवेचा पुरवठाही मंदावतो. मग उंच ढग टिकू लागतात आणि पाचरीची जाड बाजू वायव्येकडे सरकते. अंदमानात मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, केरळात १ जूनला आणि राजस्थानच्या टोकाला जुलैत पाऊस सुरू होण्याचे मूळ या संथ झटापटीत आहे.

यात बंगालच्या उपसागरात निर्माण होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही वाटा आहे. असे एखादे क्षेत्र ओडिशाच्या किनाऱ्यावरून मध्य भारतात शिरले, की मान्सूनची सीमा दोन दिवसांत चारशे-पाचशे किलोमीटर झेप घेते. ते आले नाही तर सीमा आठवडाभर जागची हलत नाही. मुंबई ते दिल्ली हे अंतर सरळ रेषेत सुमारे ११५० किलोमीटर. सर्वसाधारण तारखांप्रमाणे मान्सूनला ते कापायला १६ दिवस लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे ७२ किलोमीटर. पण मान्सून या चालीने चालला असे एकही वर्ष सापडणे कठीण. तो थांबतो आणि उडी मारतो. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण ‘सर्वसाधारण’ या शब्दाची अडचण इथूनच सुरू होते.

१९४३ सालचा नकाशा

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. देशभर पर्जन्यमापक बसवणे, सर्व ठिकाणी एकाच पद्धतीने मोजमाप करणे आणि नोंदी एकत्र आणणे हे काम त्यांच्या काळात मार्गी लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चाळीस वर्षांच्या सलग नोंदी जमा झाल्यावर मान्सूनच्या आगमनाचा नकाशा काढणे शक्य झाले. हा नकाशा १९४३ साली प्रसिद्ध झाला, तो वैमानिकांसाठी तयार केलेल्या हवामानाच्या नकाशासंग्रहात. दुसरे महायुद्ध चालू होते आणि ढग कुठे, केव्हा दाटणार हे विमान चालवणाऱ्याला कळणे आवश्यक होते. शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा हा नकाशा त्या काळच्या गरजेमुळे असा वेगळ्याच दालनातून बाहेर पडला. पुढची पाऊणशे वर्षे आपण त्यातल्याच तारखा वापरत होतो.

नकाशासाठी १९०१ ते १९४० या काळातल्या, फक्त १४९ केंद्रांच्या पावसाच्या नोंदी घेतल्या होत्या. एवढ्या मोठ्या प्रदेशाला १४९ केंद्रे ही संख्या लहानच. पद्धत अशी होती. वर्षाचे ३६५ दिवस पाच-पाच दिवसांच्या ७३ गटांत विभागायचे. या गटाला आपण पंचक म्हणू. प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक पंचकातल्या पावसाची चाळीस वर्षांची सरासरी काढायची आणि आलेख काढायचा. आलेखात ज्या पंचकापाशी पाऊस एकदम चढतो, तो आगमनाचा काळ धरायचा. पंचकच का घेतले? एकेका दिवसाचा पाऊस फार लहरी असतो. चाळीस वर्षांच्या सरासरीनेही त्याचा आलेख खडबडीत राहतो. महिन्याचा गट घेतला तर तारीखच हरवते. पाच दिवस हा दोहोंतला मध्यममार्ग होता.

पण पंचक घेतल्याबरोबर आपण एक मर्यादा स्वीकारली, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे. उत्तर पाच दिवसांच्या पट्टीने मोजले आहे. त्यामुळे ‘१० जून’ याचा अर्थ १० जूनच्या आगेमागे दोन दिवस, यापेक्षा नेमका असू शकत नाही. सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीवर मिलिमीटर वाचू नयेत, तसेच हे आहे.

एक उदाहरण सोडवून पाहू

या पद्धतीतली दुसरी गंमत एका काल्पनिक गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, या गावात मान्सून येण्यापूर्वी प्रत्येक पंचकात ५ मिलिमीटर आणि आल्यानंतर प्रत्येक पंचकात ५० मिलिमीटर पाऊस पडतो. मध्ये काही नाही. चढ अगदी भिंतीसारखा उभा. पाच वर्षांच्या नोंदी आहेत. पहिल्या वर्षी मान्सून ३१ मे ते ४ जून या पंचकात आला, दुसऱ्या वर्षी ५ ते ९ जून, तिसऱ्या वर्षी १० ते १४ जून, चौथ्या वर्षी १५ ते १९ जून आणि पाचव्या वर्षी २० ते २४ जून या पंचकात.

आता सरासरी काढू. पहिल्या पंचकात एका वर्षी ५० आणि चार वर्षी ५ मिलिमीटर, म्हणून एकूण ७० आणि सरासरी १४. दुसऱ्या पंचकात दोन वर्षी ५० आणि तीन वर्षी ५, म्हणून सरासरी २३. अशाच रीतीने पुढची उत्तरे ३२, ४१ आणि ५० येतात. म्हणजे सरासरीचा आलेख ५, १४, २३, ३२, ४१, ५० असा जिन्यासारखा हळूहळू चढतो. एकाही वर्षी पाऊस हळूहळू वाढला नव्हता! प्रत्येक वर्षी तो एकाएकी आला होता, पण निरनिराळ्या दिवशी. सरासरीने ती भिंत वितळवून तिचा उतार केला. या उतारावर ‘एकदम चढणारे’ पंचक शोधू गेलो तर सापडत नाही. मधले पंचक घेऊन १० ते १४ जून असे म्हणावे लागते.

यातून दोन गोष्टी शिकता येतात. एक, आलेखाचा चढ सौम्य असेल तर त्याचा अर्थ पाऊस सौम्यपणे येतो असाही असू शकतो आणि तारीख फार बदलते असाही असू शकतो; नुसता आलेख पाहून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. दुसरी, पावसाची सरासरी काढून तारीख शोधणे आणि प्रत्येक वर्षाची तारीख आधी ठरवून मग तारखांची सरासरी काढणे, या दोन वेगळ्या कृती आहेत. त्यांची उत्तरे जवळपास येतील, पण एकच येतील असे नाही. १९४३ च्या नकाशात पहिली कृती होती. पुढे दुसरी स्वीकारली गेली.

जिथे आलेख मुका राहतो

मुंबईसारख्या ठिकाणी मे महिना जवळजवळ कोरडा आणि जून धो-धो, त्यामुळे पंचकांचा आलेख स्पष्ट बोलतो. सर्वत्र तसे नाही. चेन्नईचे उदाहरण घ्या. हे शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे आणि त्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. नैर्ऋत्य मान्सून तिथे जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘येतो’, पण पावसाच्या आलेखात त्या सुमारास उंच पायरी दिसत नाही. तिथे आगमन म्हणजे वाऱ्यात आणि हवेच्या ओलाव्यात झालेला बदल. पाऊस ही त्याची खूण नव्हे.

आसामात अडचण उलट आहे. तिथे एप्रिलपासूनच वादळी सरी सुरू होतात आणि मेमध्ये भरपूर पाऊस पडतो. आधीच भिजलेल्या प्रदेशात मान्सून नेमका केव्हा आला, हे पर्जन्यमापकाकडे पाहून सांगणे अवघड असते. आणि पश्चिम राजस्थानात तिसरीच अडचण. तिथे पावसाचे दिवसच इतके थोडे की एखाद्या वर्षीच्या एका मोठ्या वादळी सरीने चाळीस वर्षांच्या सरासरीलाही फुगवटा येऊ शकतो. वर तिथे केंद्रेही विरळ. तेव्हा अशा भागांवरून रेषा काढताना शास्त्रज्ञाचा अंदाज आणि हात यांचा वाटा मोठा असणे अपरिहार्य होते. एकाच नकाशावरच्या सर्व तारखा सारख्याच विश्वासाच्या नसतात. त्या छापल्या मात्र सारख्याच ठशात जातात.

केरळचा नियम

सर्वसाधारण तारीख ठरवायची तर प्रत्येक वर्षाची तारीख आधी ठरायला हवी. त्यासाठी ‘मान्सून आला’ म्हणजे काय, याची व्याख्या हवी. केरळपुरती ही व्याख्या बरीच काटेकोर आहे. पूर्वी तिथे अंदाज देणाऱ्या तज्ज्ञाच्या निर्णयाला अधिक वाव होता. २००६ सालापासून आकड्यांत बांधलेला नियम वापरला जातो.

नियमात तीन अटी आहेत. पहिली पावसाची. मिनिकॉय, तिरुवनंतपुरम, कोची, कोझिकोड, मंगळूर वगैरे १४ केंद्रे निवडलेली आहेत. १० मेनंतर यांपैकी किमान ६० टक्के, म्हणजे ९ केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला पाहिजे. इतर अटीही पुऱ्या होत असतील तर दुसऱ्या दिवशी आगमन जाहीर होते. हा २.५ चा आकडा कुठून आला? पूर्वी पाऊस इंचांत मोजत आणि इंचाचा दहावा भाग पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’ धरत. इंचाचा दहावा भाग म्हणजे २.५४ मिलिमीटर. मोजमापे दशमान झाली, पण जुनी खूण आकड्यात राहिली. शिवाय ‘दिवस’ म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, कारण पर्जन्यमापक त्या वेळी वाचतात.

दुसरी अट वाऱ्याची. विषुववृत्त आणि १० अंश उत्तर अक्षांश यांच्यामधल्या समुद्रावर पश्चिमी वारे ६०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर उंचीपर्यंत असायला हवेत. शिवाय केरळालगतच्या समुद्रावर पाऊण किलोमीटरच्या आसपास उंचीवर त्यांचा वेग १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ ते ३७ किलोमीटर असायला हवा. तिसरी अट ढगांची. पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णतेची प्रारणे उपग्रह मोजतो. उंच ढगांचे माथे थंड असल्याने त्यांच्यावरून ती कमी निघतात. केरळच्या पश्चिमेकडील समुद्रावर हे प्रमाण दर चौरस मीटरला २०० वॅटच्या खाली आले पाहिजे.

पाऊस पडत असताना वाऱ्याची आणि ढगांची अट कशाला, असे कुणी विचारेल. मे महिन्यात केरळजवळच्या समुद्रात एखादे चक्रीवादळ किंवा कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की दोन-तीन दिवस सर्वत्र चांगला पाऊस होतो. पावसाची अट पुरी होते. मग ते क्षेत्र निघून जाते आणि पुढे आठ-दहा दिवस ऊन पडते. हे खोटे आगमन. खऱ्या मान्सूनची ओळख अशी, की पश्चिमी वाऱ्याचा प्रवाह नुसता पृष्ठभागावर नसतो, जाड असतो. मघाशी पाहिलेल्या पाचरीची आठवण ठेवली तर या अटीचे मर्म लगेच कळेल.

केरळाबाहेर मात्र इतका ठाशीव नियम नाही. तिथे सलग, व्यापक पाऊस, वाऱ्यांची दिशा, हवेतील ओलावा आणि उपग्रहाची चित्रे यांचा एकत्रित विचार करून मान्सूनची उत्तर सीमा नकाशावर पुढे सरकवली जाते.

२०२० सालची दुरुस्ती

अशा रीतीने वर्षानुवर्षे जाहीर झालेल्या तारखा जमा होत गेल्या. १९६१ ते २०१९ या ५९ वर्षांतल्या तारखांवरून हवामानशास्त्र विभागाच्या पुण्यातील कार्यालयाने नव्या सर्वसाधारण तारखा काढल्या आणि त्या २०२० च्या मान्सूनपासून अमलात आल्या. केरळची १ जून ही तारीख तशीच राहिली. मुंबई १० वरून ११ जूनवर गेली. दिल्ली २९ वरून २७ जूनवर आली. आणि सारा देश व्यापण्याची तारीख १५ जुलैवरून ८ जुलैवर आली. परतीच्या तारखांत बदल आणखी मोठा होता. वायव्य राजस्थानातून परतीला सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला मानत, ती आता १७ सप्टेंबर झाली.

‘मुंबईचा पाऊस एक दिवस लांबला’ असे यावरून म्हणावे का? एक छोटे गणित करू. केरळच्या आगमनाच्या तारखांचे प्रमाण विचलन सुमारे एक आठवडा आहे. म्हणजे बहुतेक वर्षी आगमन सरासरीच्या सात दिवस आगेमागे असते. ५९ वर्षांच्या सरासरीतली अनिश्चितता काढण्यासाठी ७ ला ५९ च्या वर्गमुळाने भागायचे. ५९ चे वर्गमूळ सुमारे ७.७, म्हणून उत्तर सुमारे ०.९ दिवस. ४० वर्षांसाठी हेच १.१ दिवस. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची अनिश्चितता त्यामुळे जवळजवळ दीड दिवस होते. मुंबईचे विचलनही साधारण याच आकाराचे धरले, तर एका दिवसाचा फरक हा निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. त्यात जुनी तारीख पंचकाच्या पट्टीने मोजलेली होती, हेही आहेच.

वायव्येतला सात दिवसांचा फरक मात्र एवढ्याने उडवून लावता येत नाही. पण तोही सगळा हवामान बदलल्याचा पुरावा नव्हे. जुन्या नकाशात तिथे केंद्रे विरळ होती आणि आधार फक्त पावसाचा होता. नव्या तारखांमागे अधिक केंद्रे, वाऱ्यांची निरीक्षणे आणि नंतरच्या दशकांत उपग्रह आहेत. पाऊस किती बदलला आणि आपली मोजण्याची रीत किती बदलली, हे वेगळे करायचे तर जुन्या आणि नव्या काळाच्या नोंदींना एकच पद्धत लावून पाहावी लागेल. दोन नकाशांच्या नुसत्या वजाबाकीतून ते निघत नाही.

दोन वर्षे, एक सरासरी

आता दोन प्रत्यक्ष वर्षे पाहू. २०२३ साली केरळात मान्सून ८ जूनला आला, सात दिवस उशिरा. अरबी समुद्रातल्या ‘बिपरजॉय’ चक्रीवादळाने बाष्प आपल्याकडे ओढले, ते गुजरातच्या किनाऱ्यावर थडकले आणि महाराष्ट्रातली आगेकूच रेंगाळली. मग सीमेने एकदम झेप घेतली आणि २५ जूनला मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी दाखल झाला. यापूर्वी असे २१ जून १९६१ रोजी घडले होते. मुंबई १४ दिवस उशिरा, दिल्ली २ दिवस लवकर.

२०२५ साली चित्र अगदी उलटे. केरळात २४ मे, मुंबईत २६ मे. मुंबईतल्या नोंदलेल्या आगमनांत हे सर्वांत लवकरचे. त्यानंतर मेअखेरीस सीमा थबकली ती जवळजवळ जूनच्या मध्यापर्यंत. दिल्लीत मान्सून पोहोचला २९ जूनला. म्हणजे मुंबई १६ दिवस लवकर आणि दिल्ली २ दिवस उशिरा.

मुंबई आणि दिल्ली यांच्या आगमनातले अंतर २०२३ साली शून्य दिवस होते, २०२५ साली ३४ दिवस. दोहोंची सरासरी १७. सर्वसाधारण तारखांतले अंतर १६! हा मेळ अर्थातच योगायोगाचा आहे. पण सरासरी किती व्यवस्थित दिसू शकते आणि तरीही एकाही वर्षाचे वर्णन करत नाही, हे यापेक्षा चांगले कसे दाखवता येईल?

यात शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा धोका आहे. २०२५ च्या मेअखेरीस ‘मान्सून आला’ ही बातमी खरी होती. पण त्या बातमीवर विसंबून पेरणी करणे शहाणपणाचे नव्हते. हवामान विभागाच्या व्याख्येतले आगमन हे मोठ्या प्रदेशावरच्या हवेच्या स्थितीविषयीचे विधान आहे. बी रुजायला जमिनीत पुरेशी ओल लागते आणि ती टिकावी लागते. म्हणूनच महाराष्ट्रात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला दिला जातो. आगमनाच्या पहिल्या सरींवर पेरले आणि मग पंधरवडाभर उघडीप पडली, की दुबार पेरणीचे संकट येते. तारीख चुकलेली नसते. तिला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर तिच्याकडे नसते.

तसेच लवकर आलेला मान्सून भरपूर पडतो, असेही नाही. केरळातल्या नोंदलेल्या तारखांत सर्वांत लवकरची ११ मे १९१८ ची आणि सर्वांत उशिराची १८ जून १९७२ ची. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणात अजून आहे. पण १९१८ सालीही देशात भीषण अवर्षण होते. दोन टोकांच्या तारखा, मध्ये ३८ दिवसांचे अंतर, आणि शेवट दोन्हीकडे एकच.

तेव्हा ‘मुंबईत मान्सून ११ जूनला येतो’ हे वाक्य वर्गात कसे सांगावे? आमच्या मते त्याबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात: कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून, कोणत्या व्याख्येने, आणि किती दिवसांच्या आगेमागे. “१९६१ ते २०१९ या काळात हवामानशास्त्र विभागाने जाहीर केलेल्या आगमनांवरून मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून येते, एखाद्या वर्षी आठवडाभर पुढेमागे होणे हे नेहमीचेच आहे” असे वाक्य लांब आहे, पण ते खरे आहे.

शाळेत पर्जन्यमापक असेल आणि जुन्या नोंदवह्या जपलेल्या असतील, तर आठवी-नववीचे विद्यार्थीही ३१ मेपासून पंचके पाडून आपल्या गावाचा आलेख काढू शकतील. दहा वर्षांच्या नोंदी पुरेत. आधी प्रत्येक वर्षाचा आलेख वेगळा काढावा, मग सर्वांच्या सरासरीचा, आणि दोन्ही शेजारी लावावेत. वेगवेगळ्या आलेखांतल्या उभ्या भिंती आणि सरासरीतला उतार एकत्र पाहिल्यावर, गावाची तारीख कोणती म्हणायची यावर वर्गात नक्कीच एकमत होणार नाही. १९४३ साली नकाशा काढणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता.